मैदानात चेंडू लागून प्रेक्षक जखमी झाला, तर भरपाई कधी मिळत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामना पाहताना चेंडू लागलेले लोक, त्यांचे नातेवाईक आणि स्पर्धा भरवणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी परंपरेचा दिवाणी कायदा जिथे चालतो तिथे या विषयाचा गाभा सारखाच आहे, तपशील मात्र देशागणिक बदलतात. या बाबतीतले सर्वांत जास्त निकाल अमेरिकेतल्या बेसबॉलचे असल्यामुळे उदाहरणंही बरीच तिथली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एकाच मुद्द्याचा दुसरा पैलू दुसऱ्या प्रश्नात असेल तर तसा उल्लेख केला आहे.

१. मी रीतसर तिकीट काढून सामना पाहायला गेलो. फलंदाजाने मारलेला चेंडू थेट तोंडावर आला. दवाखान्याचा खर्च आयोजकांनी द्यायला नको का?

बहुतेक वेळा कायद्याचं उत्तर ‘नाही’ असं येतं. चेंडू खेळाच्या ओघात आला असेल, तुम्ही प्रेक्षकांच्या जागेत सामना पाहत असाल आणि आयोजकांनी जी काळजी घेणं अपेक्षित होतं ती घेतली असेल, तर दावा टिकत नाही. दुखापत किती गंभीर आहे यावर हे ठरत नाही. डोळा गेलेल्या माणसाचेही दावे फेटाळले गेले आहेत.

‘माझ्याकडे तिकीट होतं’ हा मुद्दा लोकांना फार मोठा वाटतो, पण त्याने एवढंच सिद्ध होतं की तुम्ही बोलावलेले पाहुणे होता, घुसखोर नव्हता. त्यामुळे आयोजकांवर वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी येते. तुम्हाला काहीही होणार नाही याची हमी ते देत नाहीत. वरच्या तीन अटींपैकी एखादी तुटत असेल तर मात्र चित्र पालटतं. प्रश्न ३ पासून पुढे तेच आहे.

२. ‘जोखीम पत्करली’ असं म्हणतात, पण मी तर कुठेच सही केली नाही. मग पत्करली कधी?

सहीची गरज नसते. संमती वागण्यातूनही दिसते. चेंडू हवेत उडतो हे माहीत असताना, त्याच्या टप्प्यातली जागा आपण होऊन निवडून तिथे बसणं ही कायद्याच्या नजरेत संमतीच ठरू शकते. जुन्या लॅटिन वचनाचा आशयही हाच आहे: जो आपण होऊन तयार झाला, त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणता येत नाही.

न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९२९ मध्ये हे तत्त्व सांगितलं. ते प्रकरण मनोरंजन उद्यानातल्या हलत्या पट्ट्यावर पडलेल्या तरुणाचं होतं. खेळात उतरणारा त्यातले उघड आणि अटळ धोके स्वीकारतो, असं सांगताना त्यांनी तलवारबाजाला बसणारा वार आणि सामना पाहणाऱ्याला लागणारा चेंडू एकाच ओळीत बसवले.

पण इथे एक फरक आहे, आणि बरेच वकीलही तो घाईत विसरतात. धोका माहीत असणं आणि धोका मान्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९१ मध्ये स्मिथ विरुद्ध बेकर या खटल्यात हे ठसवून सांगितलं. डोक्यावरून क्रेनने दगड नेले जातात हे माहीत असूनही एक कामगार खाली काम करत राहिला. एवढ्यावरून त्याने दगड पडण्याची जोखीम पत्करली असं म्हणता येणार नाही, असा तो निकाल होता. प्रेक्षकाच्या बाबतीत फरक इतकाच, की कामगाराला पोटासाठी तिथे थांबावं लागतं आणि प्रेक्षक हौसेने येतो. तरीही ‘चेंडू उडतात हे तुम्हाला ठाऊक होतं’ एवढं दाखवून आयोजक सुटत नाहीत. तुम्हाला दुसरा पर्याय होता का, हेही पाहिलं जातं.

३. म्हणजे आयोजकांनी काहीच केलं नाही तरी चालतं?

मुळीच नाही. या प्रश्नाचं उत्तर एकाच शहरातल्या, एकाच क्लबवरच्या, एका वर्षाच्या अंतराने लागलेल्या दोन निकालांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्या पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, कॅन्सस सिटीच्या बेसबॉल क्लबवर क्रेन नावाच्या प्रेक्षकाने दावा केला. त्याचा निकाल १९१३ चा. स्टँडमध्ये फलंदाजाच्या मागच्या भागाला जाळी होती, बाजूचा भाग उघडा होता, आणि कुठे बसायचं हे प्रेक्षकाने ठरवायचं होतं. क्रेन उघड्या भागात बसला आणि त्याला चेंडू लागला. न्यायालयाने दावा फेटाळला. क्लबने जाळीआडची जागा देऊ केली होती, ती सोडून उघडी जागा यानेच घेतली होती.

पुढच्या वर्षी, १९१४ मध्ये, त्याच क्लबविरुद्ध एडलिंग या प्रेक्षकाच्या दाव्याचा निकाल लागला. हा माणूस जाळीच्या मागे बसला होता. जाळीला भोक पडलं होतं आणि चेंडू नेमका त्यातून आला. इथे क्लब हरला.

खेळ तोच, चेंडू तसाच, तरी निकाल उलटे लागले, कारण दुसऱ्या प्रेक्षकाने ती जोखीम पत्करलीच नव्हती. जाळीमागे बसणारा माणूस चेंडूची जोखीम टाळत असतो. जाळी फाटकी असेल ही जोखीम त्याने कधीच घेतलेली नसते. खेळ हा धोका निर्माण करत नाही. न केलेली देखभाल करते. प्रेक्षक पत्करतो ती खेळाची जोखीम, आयोजकांच्या हलगर्जीपणाची नव्हे. पुढचे बहुतेक प्रश्न या एका रेषेच्या कोणत्या बाजूला आपण आहोत, एवढेच आहेत.

४. जाळी होती, पण ती माझ्यापर्यंत पोहोचत नव्हती. किती लांब जाळी पुरेशी म्हणायची?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी यासाठी ‘मर्यादित कर्तव्या’चा नियम केला आहे. सर्वांत जास्त धोका फलंदाजाच्या थेट मागे असतो, म्हणून तिथे जाळी हवी. आणि एरवीच्या सामन्याला जितके लोक सुरक्षित जागा मागतील अशी वाजवी अपेक्षा असेल, तितक्या जागा त्या जाळीमागे हव्यात. एवढं केलं की आयोजकांचं जाळीबाबतचं कर्तव्य संपलं.

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते एकिन्स विरुद्ध ग्लेन्स फॉल्स शाळा या न्यूयॉर्कच्या प्रकरणात दिसतं. १९७६ चा वसंत ऋतू, शाळेच्या मैदानावर सामना सुरू. फलंदाजाच्या मागे २४ फूट उंच आणि ५० फूट रुंद जाळी. तिच्या दोन्ही टोकांपासून मैदानाच्या कडेने पुढे गेलेलं साधारण तीन फूट उंचीचं तारेचं कुंपण. एक महिला सामना सुरू झाल्यावर आली. जाळीमागे बसायला जागा रिकाम्या होत्या. ती मात्र बाजूच्या कुंपणापाशी, जाळीच्या टोकापासून दहा-पंधरा फुटांवर उभी राहिली. काही मिनिटांतच एक जोरदार फटका तिच्या डोळ्यावर आला. डोळ्याला कायमची इजा झाली.

ज्युरीने नुकसान १,००,००० डॉलरचं ठरवलं. त्यातला ३५ टक्के दोष तिचा आणि ६५ टक्के शाळेचा धरला. म्हणजे तिला ६५,००० डॉलर मिळायला हवे होते. १९८१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हे सगळं रद्द केलं आणि तिच्या हाती काहीच लागलं नाही.

का, ते नीट पाहा. दोष किती टक्के कोणाचा, हा प्रश्न येण्याआधी शाळेने कर्तव्य मोडलं का हा प्रश्न येतो. धोक्याच्या भागात जाळी होती, ती धड होती आणि तिच्यामागे जागा शिल्लक होत्या. जाळी अपुरी होती असा पुरावा तिने दिलाच नाही. कर्तव्य मोडलंच नाही म्हटल्यावर वाटणी कशाची करणार? मुख्य न्यायमूर्ती कूक यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. काय पुरेसं आहे हे प्रत्येक मैदानाच्या परिस्थितीवरून ज्युरीने ठरवावं, न्यायालयाने एकदाच नियम घालून सगळ्यांची तोंडं बंद करू नयेत, असा त्याचा रोख होता. आज वाचताना मला ते मत अधिक पटतं. पण कायदा झाला तो बहुमताचा.

तुमच्या बाबतीत म्हणून विचारायचा प्रश्न हा: त्या दिवशी जाळीमागे जागा मिळण्यासारखी होती का? नसेल, तर तुमचं प्रकरण एकिन्सपेक्षा बरंच बळकट आहे.

५. क्रिकेटला तर जाळीच नसते. मग हा नियम लागू कसा होणार?

तत्त्व तेच, हिशोब वेगळा. बेसबॉलमध्ये बॅटची कड घेऊन मागे-बाजूला सुटलेला चेंडू जवळच्या रांगेत अर्ध्या सेकंदात पोहोचतो. ताशी १५० किलोमीटरने निघालेला चेंडू सेकंदाला सुमारे ४२ मीटर कापतो, म्हणजे २० मीटरवर बसलेल्याला मान वळवायलाही धड वेळ मिळत नाही. क्रिकेटमध्ये प्रेक्षक सीमारेषेपलीकडे, साधारण ६० ते ८० मीटर लांब असतात आणि षटकार बहुतेकदा उंच जातो. तो येताना दिसतो, आजूबाजूचे लोक ओरडतात, हलायला दोन-चार सेकंद मिळतात. त्यामुळे जाळी नसणं हाच निष्काळजीपणा, असं सहसा मानलं जात नाही.

इंग्लंडमध्ये १९३२ च्या ब्रुकलँड्स मोटार शर्यतीच्या खटल्यात न्यायमूर्ती स्क्रटन यांनी ओघात क्रिकेटचाच दाखला दिला होता: लॉर्ड्सवर किंवा ओव्हलवर बसलेल्या प्रेक्षकाला चेंडू लागण्याचा, किंवा चौकार अडवायला धावणारा क्षेत्ररक्षक अंगावर येऊन आदळण्याचा धोका असतोच. त्या खटल्यात गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली होती. तसं २३ वर्षांत एकदाही घडलं नव्हतं, म्हणून मालक सुटले.

क्रिकेटमध्ये दावा उभा राहू शकतो तो जागेच्या मांडणीवरून. मुख्य खेळपट्टीवर सामना चालू असताना सीमारेषेला लागून सरावाची जाळी सुरू ठेवली आणि तिथला चेंडू प्रेक्षकांच्या पाठीवर आला, तर त्यांनी कोणती जोखीम पत्करली होती? ते समोरच्या सामन्याकडे पाहत होते. सीमारेषा आत ओढून वाढवलेल्या खुर्च्या, किंवा चेंडू दिसूच नये असा मध्ये आलेला फलक, हेही याच प्रकारातले.

६. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला कसली आली जोखमीची समज?

मूल स्वतः संमती देऊ शकत नाही हे खरं, आणि म्हणूनच न्यायालयं अशा वेळी संमतीची भाषा टाळून थेट ‘आयोजकांचं चुकलं का’ हे विचारतात. इंग्लंडमध्ये १९५१ मध्ये हॅरिंगे अरेनाचा निकाल लागला तो नेमका सहा वर्षांच्या मुलाचा. आईवडिलांबरोबर आइस हॉकी पाहायला पुढच्या रांगेत बसला होता. खेळातली चकती उडून त्याच्या डोळ्याला लागली. हा चेंडू नव्हे, पण मुद्दा अगदी तोच. त्या काळच्या रीतीप्रमाणे दोन्ही टोकांना जाळ्या होत्या, बाजूंना नव्हत्या. न्यायालय म्हणालं, खेळाच्या या अंगभूत धोक्यापासून बाजूच्या प्रेक्षकांना वाचवण्याचं कर्तव्यच नव्हतं. मुलाचं वय लहान असल्याने ते वाढलं नाही.

तेव्हा ‘लहान मूल’ हा एकटा मुद्दा पुरत नाही. मुलांसाठी म्हणून आयोजकांनीच राखून ठेवलेली जागा उघड्या भागात असेल, तर मात्र तो पुरू शकतो, कारण मग जागेची निवड तुमची नसून त्यांची असते. ‘मी पहिल्यांदाच सामना पाहत होतो’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसालाही उत्तर जवळपास हेच. चेंडू मारला की उडतो, हे सर्वसाधारण माणसाला माहीत असतं असं न्यायालय धरून चालतं.

७. चेंडू आला तेव्हा माझं लक्ष नव्हतं. याने माझी बाजू पडते का?

लक्ष कशामुळे गेलं यावर आहे. तुम्ही मोबाईल पाहत होता, शेजाऱ्याशी बोलत होता, डबा उघडत होता, तर ते तुमच्याकडे. प्रेक्षक मधून मधून दुसरीकडे पाहणारच, हेही खेळ पाहण्याचाच भाग समजलं जातं.

आयोजकांनीच लक्ष वळवलं असेल तर गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियातल्या लो या प्रेक्षकाच्या बाबतीत संघाचा शुभंकर, म्हणजे डायनासोरच्या वेषातला माणूस, सामना चालू असताना त्याच्या मागे नाचत होता. त्याची शेपटी याच्या डोक्याला पुन्हा पुन्हा लागत होती. हा काय प्रकार म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. तोंड पुन्हा मैदानाकडे वळवतो न वळवतो तोच चेंडू चेहऱ्यावर. अपील न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं की शुभंकराच्या माकडचेष्टा खेळाला आवश्यक नाहीत. त्यांनी धोका वाढवला का, हे खटल्यात तपासावं लागेल. खालच्या न्यायालयाने दावा सुरुवातीलाच निकालात काढला होता, तो असा पुन्हा उभा राहिला.

मोठ्या पडद्यावरच्या जाहिराती, ‘हात वर करा, कॅमेरा तुमच्याकडे येतोय’ असले पुकारे, हे याच पठडीत येऊ शकतात. त्यासाठी ते चेंडू खेळात असतानाच सुरू होते, हे दाखवता आलं पाहिजे.

८. मी जागेवर नव्हतो. खाद्यपदार्थांच्या रांगेत उभा होतो. तिथेही मी जोखीम पत्करली?

या मुद्द्यावर न्यायालयांचं एकमत नाही.

पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियमच्या उद्घाटनाच्या दिवशी, जुलै १९७० मध्ये, एक महिला आतल्या मार्गिकेतून चालली होती. भिंतीत मैदान दिसावं म्हणून झरोके ठेवले होते. तिने एकातून सराव पाहिला, खाण्याच्या ठेल्याकडे वळली, आणि त्याच झरोक्यातून आलेला चेंडू तिच्या डोळ्यावर लागला. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं, की मार्गिकेच्या भिंतीला असे झरोके ठेवणं हा बेसबॉलचा भाग नव्हे. ती स्टेडियमची रचना आहे, आणि रचनेतल्या दोषाची जोखीम प्रेक्षक पत्करत नाही. न्यू जर्सीच्या न्यायालयानेही २००५ मध्ये असाच फरक केला: खुर्च्यांत मर्यादित कर्तव्य, मार्गिका आणि विक्रीच्या जागी नेहमीचं पूर्ण कर्तव्य.

याउलट नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्टेडियममधल्या बिअर गार्डनमध्ये टेबलाशी बसलेल्या महिलेचा दावा फेटाळला. चेंडूने तिचं नाक मोडलं होतं. तिथे जाळी नव्हती, पण तो भाग इतरांपेक्षा जास्त धोक्याचा असल्याचं तिला दाखवता आलं नाही. मला हा निकाल कठोर वाटतो. जिथे माणूस पाठ फिरवून बसेल अशीच जागेची मांडणी आहे, तिथे त्याने चेंडूवर डोळा ठेवावा ही अपेक्षा फारशी पटत नाही.

९. लागला तो खेळातला चेंडू नव्हताच. मध्यंतरात प्रेक्षकांत वस्तू फेकतात, त्यातली एक लागली.

पुन्हा कॅन्सस सिटी, क्रेनच्या निकालानंतर शंभर वर्षांनी. रॉयल्स संघाचा सिंहाच्या वेषातला शुभंकर मध्येच प्रेक्षकांत हॉट डॉग फेकतो. २००९ मध्ये त्याने पाठीमागून उडवलेला असा एक पुडा कूमर या प्रेक्षकाच्या डोळ्याला लागला आणि दृष्टिपटल सुटलं. ज्युरीने सगळा दोष प्रेक्षकाचाच ठरवला. मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निकाल रद्द केला. हॉट डॉग न फेकताही बेसबॉल खेळता येतो, म्हणून ही जोखीम खेळाची अंगभूत जोखीम नाही. आणि अंगभूत काय हे न्यायाधीशाने ठरवायचं, ज्युरीवर सोडायचं नाही.

पुढची गोष्ट बरेच जण सांगत नाहीत. २०१५ मध्ये खटला पुन्हा चालला आणि नव्या ज्युरीने दोघांपैकी कोणाचाच दोष नाही असं ठरवलं. म्हणजे जोखमीचा अडसर दूर झाला तरी पैसे आपोआप मिळत नाहीत. समोरच्याचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावाच लागतो.

सामन्याआधीच्या सरावात आलेला चेंडू मधल्या गटातला. तुम्ही तेव्हा खुर्चीत बसून सराव पाहत असाल तर तो बहुधा खेळाचाच भाग धरला जाईल. एका वेळी अनेक चेंडू हवेत असतील आणि प्रेक्षकांना सोडायला आधीच सुरुवात केली असेल, तर वाद घालायला जागा आहे.

१०. खेळाडूने चिडून मुद्दाम चेंडू प्रेक्षकांत भिरकावला तर?

मग जोखमीची ढाल चालत नाही. १९७५ मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पाहुण्या संघाचा गोलंदाज ग्रिम्सली सराव करत असताना प्रेक्षक त्याला डिवचत होते. सराव संपल्यावर त्याने प्रेक्षकांच्या दिशेने जोरात चेंडू फेकला. तो समोरच्या तारेच्या जाळीतून पार होऊन एकाला लागला. अपील न्यायालयाने १९८१ मध्ये हा हेतुपुरस्सर हल्ल्याचा दावा ज्युरीपुढे जायला हवा असं सांगितलं.

चुरशीच्या क्षणी झालेली चूक वेगळी. इंग्लंडच्या १९६२ च्या वूल्ड्रिज विरुद्ध समनर या खटल्यात अश्वस्पर्धेतला घोडा छायाचित्रकाराच्या अंगावर गेला होता. जिंकण्याच्या भरात झालेल्या अंदाजाच्या चुकीसाठी स्पर्धक प्रेक्षकाला जबाबदार नसतो. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची बेपर्वाई दिसली तरच असतो. म्हणून षटकार मारणाऱ्या फलंदाजावर दावा करण्यात अर्थ नाही. षटकार मारणं हेच त्याचं काम.

११. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात ‘कोणत्याही दुखापतीस आयोजक जबाबदार नाहीत’ असं छापलं होतं. संपलं का मग सगळं?

नाही. ब्रिटनमध्ये व्यावसायिक आयोजकाला स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेल्या शारीरिक इजेची जबाबदारी अशा मजकुराने झटकता येत नाही. १९७७ च्या अन्याय्य करार अटींच्या कायद्यात हे आलं, आणि ग्राहकांसाठी आता २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात आहे. तिथे आणखी एक चांगली तरतूद आहे: सूचना वाचली किंवा मान्य केली, एवढ्यावरून जोखीम स्वेच्छेने पत्करली असं मानायचं नाही. इतर देशांत नियम सैल-घट्ट आहेत.

गंमत अशी, की ज्या दाव्यात तुम्ही प्रश्न १ नुसार हरणारच असता, तिथे त्या छापील ओळीची आयोजकांना गरजच नसते. आणि जिथे जाळीला भोक असतं तिथे ती ओळ सहसा कामी येत नाही. दृष्टीस पडेल असा फलक मात्र त्यांच्या उपयोगी पडतो, कारण तो धोक्याची कल्पना दिल्याचा पुरावा ठरतो.

१२. मी सामना पाहतच नव्हतो. मैदानाबाहेरच्या रस्त्यावर उभा होतो.

मग तुम्ही काहीच पत्करलेलं नाही आणि या पानावरची बरीचशी चर्चा तुम्हाला लागू नाही. पण म्हणून जिंकालच असंही नाही. मँचेस्टरच्या चीटहॅम मैदानाबाहेर १९४७ मध्ये एका महिलेला षटकार लागला. फलंदाजापासून सुमारे १०० यार्डांवर ती उभी होती. मध्ये सात फुटी कुंपण होतं, आणि जमिनीच्या चढामुळे ते खेळपट्टीच्या पातळीपासून १७ फूट उंच भरत होतं. तीस वर्षांत चेंडू बाहेर गेला तो साधारण सहा वेळा. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९५१ मध्ये क्लबला सोडून दिलं ते जोखीम पत्करल्यामुळे नव्हे, तर धोका इतका क्वचित होता की शहाण्या माणसाने त्याकडे दुर्लक्ष केलं तर चुकलं असं म्हणता येत नाही, म्हणून. चेंडू दर आठवड्याला बाहेर पडत असेल तर हा निकाल तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही. उलट तुमच्याच उपयोगी पडेल.

१३. हे नियम जुने नाहीत का? आता तर मोठ्या मैदानांवर जाळ्या लांबवल्या आहेत.

बदल सुरू आहेत, पण एका दिशेने नव्हे. आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेसबॉलसाठी खास मर्यादित नियम स्वीकारायला नकार दिला. इलिनॉयमध्ये १९९२ मध्ये विधिमंडळाने उलट क्लबांना संरक्षण देणारा कायदा केला. प्रश्न ८ मधल्या न्यू जर्सीच्या निकालानंतर वर्षभरात तिथल्या विधिमंडळानेही तेच केलं.

दरम्यान, काही गंभीर अपघातांनंतर, अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या सर्व ३० संघांनी २०२० च्या हंगामासाठी जाळ्या वाढवण्याचं ठरवलं. याचा कायदेशीर परिणाम अजून पुरता उलगडलेला नाही. प्रश्न ६ मधला हॅरिंगेचा निकाल ‘त्या काळची रीत’ यावर उभा होता. रीतच बदलली, तर जुन्या लांबीची जाळी ठेवणारा आयोजक त्याच आधारावर अडचणीत येऊ शकतो.

१४. मला वाटतं माझ्या प्रकरणात खरंच हलगर्जीपणा झाला. सुरुवातीला काय जमवून ठेवू?

सर्वांत आधी जागा पक्की करा. तिकिटावरची रांग आणि खुर्ची क्रमांक, आणि तिथून फलंदाजापर्यंतचं अंतर. खुर्चीत बसून मैदानाकडे एक फोटो घ्या, म्हणजे मध्ये काय येतं किंवा येत नाही ते दिसेल. जाळी असेल तर तिचा जवळून फोटो काढा: तुटलेले दोरे, खांब आणि जाळी यांच्यामधली फट, खाली लोंबलेली कड. हे त्याच दिवशी झालं पाहिजे. अपघातानंतर जाळी फार लवकर दुरुस्त होते.

मग वेळ. नेमक्या कोणत्या चेंडूवर लागलं हे कळलं की प्रक्षेपणाच्या चित्रफितीत तो क्षण सापडतो, आणि तेव्हा ध्वनिक्षेपकावर किंवा पडद्यावर काय चाललं होतं तेही. आसपासच्या दोन-तीन प्रेक्षकांचे फोन नंबर घ्या. जाळीमागे जागा मागितली होती आणि मिळाली नाही, असं असेल तर ते कोणाकडे मागितलं आणि काय उत्तर मिळालं, हे लगेच लिहून ठेवा. प्रश्न ४ मध्ये एकिन्सच्या दाव्यात कमी पडलं ते हेच.

प्रथमोपचार कक्षातली नोंदवही वकिलामार्फत मागवा. त्याच रांगेत आधीही लोकांना चेंडू लागल्याच्या नोंदी तिच्यात असतील, तर ‘आम्हाला धोक्याची कल्पना नव्हती’ असं आयोजकांना म्हणता येत नाही. दावा दाखल करण्याची मुदत प्रत्येक देशात वेगळी आहे आणि ती बहुधा दुखापतीच्या दिवसापासून मोजली जाते, तेव्हा उपचार संपायची वाट पाहू नका.